एफडीचे पैसे एकदम गुंतवू की एसआयपीने?

*ताई, नमस्कार. मी 27 वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, चाकणला एका कंपनीत कायम नोकरीत आहे. हातात 42,000 येतात. खोली, मेस, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे धरून 24,000 जातात. वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेल्या एफडीची मुदत संपली आणि 3,64,000 रुपये पगाराच्या खात्यात जमा झालेत. सोबतचा मित्र म्हणतो, महिन्याला 30,000 ची एसआयपी लाव, वर्षभरात सगळे जातील, सरासरी चांगली पडते. बँकेतले साहेब म्हणतात, रक्कम मोठी आहे, एकदम टाका. शेअर बाजारात मी आजवर एक रुपयाही घातलेला नाही. दुसरी बचत नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे, त्यात लाखभर माझ्याकडून जायचेत. एसआयपी की एकदम?*
*– एक वाचक, चाकण*

नमस्कार.

आधी रकमेकडे बघू, कारण बाजारात जाण्याजोगे पैसे तुमच्याकडे 3,64,000 नाहीतच. बहिणीच्या लग्नाचे एक लाख सव्वा-दीड वर्षात लागणार आहेत. इतक्या थोड्या काळासाठी शेअर बाजारात पैसे घालायचे नाहीत, हप्त्यांनीही नाही आणि एकदमही नाही. लग्नाच्या महिनाभर आधी मुदत संपेल अशी एफडी करून ते बाजूला ठेवा. दुसरं, तुम्ही लिहिलंय की दुसरी बचत नाही. तुमचा महिन्याचा खर्च 24,000, म्हणजे सहा महिन्यांचे 1,44,000 होतात. नोकरी गेली, अपघात झाला, घरी कुणी आजारी पडलं, तर हे पैसे त्याच दिवशी हातात हवेत. यातले चाळीसेक हजार बचत खात्यात राहू द्या आणि उरलेल्यांच्या पंचवीस-पंचवीस हजारांच्या छोट्या एफडी करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. तुम्हाला ही रक्कम अडकून पडल्यासारखी वाटेल. पण ती नसेल तर बाजार पडलेला असतानाच नेमकी गरज उभी राहते आणि फंडाचे युनिट तोट्यात विकावे लागतात. नवख्या माणसाचं खरं नुकसान बहुतेक वेळा इथे होतं. एसआयपी केली की एकदम टाकले, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

उरले 1,20,000. तुमचा प्रश्न एवढ्याच रकमेचा आहे.

आता पगाराचं. तुमच्याकडे दरमहा 18,000 उरतात. त्यातले 10,000 गुंतवायचे ठरवलेत, तर तिथे ‘एसआयपी की एकदम’ असा पर्यायच उभा राहत नाही. पुढच्या महिन्याचा पगार आज हातात नसतो, तो आला की गुंतवायचा. ते आपोआप होणं म्हणजेच पगारदाराची एसआयपी. तुमचा पीएफ जसा पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, तसंच हे. म्हणून 10,000 ची एसआयपी लावूनच टाका, त्यावर विचार करत बसायची गरज नाही. वर्षभरात या वाटेने 1,20,000 जातील, म्हणजे एफडीतून उरलेल्या रकमेइतकेच. तीन वर्षांत 3,60,000 होतील. आज जी रक्कम एकदम की हप्त्यांनी म्हणून तुम्हाला झोप येत नाहीये, ती थोड्याच काळात एकूण गुंतवणुकीचा छोटा हिस्सा होऊन जाईल.

तरी हातात असलेल्या 1,20,000 चा प्रश्न खरा आहे, तो नीट सोडवू. मित्राचं म्हणणं असं की हप्त्यांनी घेतलं की सरासरी चांगली पडते. हे म्हणणं आकड्यांत घालून बघू. निफ्टी 50 चा एक इंडेक्स फंड धरा, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड. आज त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 100 रुपये आहे. एकदम टाकले तर तुम्हाला 1,200 युनिट मिळतात. सहा महिने 20,000 चे हप्ते केले तर दर महिन्याच्या भावाने मिळतील तेवढे मिळतात.

समजा बाजार पडत गेला आणि शेवटी थोडा सावरला. सहा महिन्यांची एनएव्ही 100, 94, 88, 80, 84, 90 अशी राहिली. हप्त्यांनी तुम्हाला सुमारे 1,350 युनिट मिळतील आणि 90 च्या भावाने त्यांचे 1,21,500 होतील. एकदम टाकले असते तर 1,08,000 दिसले असते. फंड दहा टक्के खाली असूनही हप्तेवाला किंचित नफ्यात. मित्र तुम्हाला हेच उदाहरण दाखवत असणार.

आता उलटं बघा. एनएव्ही 100, 102, 101, 105, 107, 110 अशी चढत गेली. हप्त्यांनी साधारण 1,153 युनिट मिळतात, त्यांचे 1,26,900 होतात. एकदम टाकले असते तर 1,32,000 झाले असते. इथे हप्तेवाल्याचे पाच हजार गेले.

या दोन्ही उदाहरणांत ‘सरासरी’ने नेमकं किती काम केलं, हे फार थोडे लोक तपासतात. पडत्या बाजारातल्या सहा भावांची साधी सरासरी काढा, 89.33 येते. तुम्हाला युनिट पडलं 88.87 ला. भाव कमी असताना जास्त युनिट मिळतात म्हणून तुमची खरेदी साध्या सरासरीपेक्षा थोडी स्वस्त झाली, हे खरं आहे. पण किती स्वस्त, तर युनिटमागे 46 पैसे. चढत्या बाजारात हाच फायदा 12 पैसे भरतो. तेव्हा पहिल्या उदाहरणात जे साडेतेरा हजार वाचले, ते सरासरीच्या करामतीने वाचलेले नाहीत. पहिल्या दिवसानंतर भाव पडला आणि तुमचे पाच हप्ते तेव्हा बाहेर होते, एवढंच कारण. भाव चढला असता तर त्याच पाच हप्त्यांनी तोटा केला असता, आणि दुसऱ्या उदाहरणात तो केलाच. हप्ते करणं म्हणजे काही पैसे काही महिने बाजाराबाहेर ठेवणं. त्याचा फायदा होईल की तोटा, ते बाजार कुठे जातो त्यावर ठरतं, आणि ते आधी कुणालाच कळत नाही.

म्हणून लांबच्या पल्ल्याचा हिशेब एकदम टाकणाऱ्याच्या बाजूने झुकतो. बाजार वाढण्याचे काळ पडण्याच्या काळांपेक्षा जास्त असतात, तेव्हा बाहेर थांबलेला पैसा बऱ्याचदा मागे पडतो. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे घेऊन हे तपासलं होतं. वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा एकदम गुंतवणूक साधारण तीनपैकी दोन वेळा पुढे राहिली. म्हणजे ‘एकदम टाका’ हा बँकेतल्या साहेबांचा सल्ला आकड्यांच्या दृष्टीने चुकीचा नाही. (ते नेमकं कशात टाका म्हणतायत, ते वेगळं. त्यावर पुढे लिहिते.)

पण तीनपैकी उरलेली एक वेळ कशी असू शकते, तेही बघून ठेवा. 8 जानेवारी 2008 ला निफ्टी 6,287 वर बंद झाला होता. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला तो 2,524 वर आला. त्या जानेवारीत 1,20,000 एकदम घातले असते तर ऑक्टोबरात सुमारे 48,000 दिसले असते. आणि हेच पैसे जानेवारी ते जून असे सहा हप्त्यांत घातले असते तर? बाजार जानेवारीतच उतरायला लागला होता, त्यामुळे पुढची खरेदी स्वस्त पडली असती, तरीही ऑक्टोबरात साठेक हजारच उरले असते. म्हणजे एकाकडे चाळीस टक्के उरले, दुसऱ्याकडे पन्नास. दोघांचीही झोप उडालीच असती. 2010 च्या दिवाळीत निफ्टी पुन्हा त्या पातळीवर पोचला, मग परत घसरला. जुनी पातळी कायमची मागे पडायला 2014 उजाडलं.

नवख्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा विस्ताराने लिहितेय. हप्ते तुमचं संरक्षण फक्त हप्ते चालू असेपर्यंत करतात. शेवटचा हप्ता गेला, की हप्त्यांनी घालणारा आणि एकदम घालणारा दोघेही सारखेच उघड्यावर असतात. सातव्या महिन्यात बाजार पडला तर सरासरी धावून येत नाही. तेव्हा मनाला विचारायचं ते हे, की या 1,20,000 चे कधी 60,000 दिसले तर मी हात न लावता पाच-सात वर्षं थांबेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर हप्ते सहाचे बारा करून उपयोग नाही. बाजारात जाणारी रक्कमच कमी करा. साठ हजार इंडेक्स फंडात आणि साठ हजार एफडीत ठेवले, तर तीच पडझड एकूण रकमेच्या पाव भागावर येते आणि सोसवते.

उत्तर ‘हो’ असेल, तर माझा सल्ला: सहा हप्ते, दरमहा 20,000. आकडे एकदम टाकायला सांगत असताना मी हे सुचवते, त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही बाजारात आजवर एक रुपयाही घातलेला नाही. आपला पैसा उतरताना बघून आपण कसे वागतो, हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते वाचून कळत नाही. पहिल्याच महिन्यात वडिलांनी साठवलेल्या पैशातले पंधरा-वीस हजार कमी दिसले, तर बरेच जण सगळं काढून एफडीत परत जातात आणि पुढची दहा वर्षं फंडाचं नाव घेत नाहीत. ते नुकसान मोठं आहे. त्यापुढे, वर हिशेब केला तसे, चढत्या बाजारात सहा हप्त्यांमुळे हुकणारे पाच हजार मला परवडणारे वाटतात. मात्र सहाच्या वर जाऊ नका. बारा-अठरा महिने लांबवलं की बाहेर थांबण्याची किंमत वाढते आणि मन रोज नवं निमित्त शोधायला लागतं. तुम्ही पूर्वी एखाद्या पडझडीत टिकून राहिलेले असता, तर मी एकदमच टाकायला सांगितलं असतं.

हप्त्यांची योजना मोडते ती मधल्या महिन्यात. बाजार पडला की वाटतं, अजून पडू दे, तळ गाठला की घेऊ. चढला की वाटतं, आता महाग झालंय, खाली येऊ दे. दोन्हीकडून हप्ता चुकतो. 2020 आठवा. 14 जानेवारीला निफ्टी 12,362 वर होता, 23 मार्चला 7,610 वर. अवघ्या दहा आठवड्यांत अडतीस टक्के गेले. ज्यांनी मार्च-एप्रिलचे हप्ते थांबवले, त्यांनी हप्ते करण्याचा एकुलता एक फायदा हातचा घालवला, कारण नोव्हेंबरात निफ्टी जुन्या उंचीच्या वर गेला होता. म्हणून हे काम दरमहा स्वतः आठवणीने करायचं नाही, आधीच सूचना देऊन ठेवायची.

सूचना देतानाच्या दोन गोष्टी जवळून बघा. तुमच्या दोन वेगळ्या एसआयपी होतील, एक पगारातली 10,000 ची, कायम चालणारी, आणि एक एफडीच्या पैशांची 20,000 ची, सहाच हप्त्यांची. दोन्ही एकाच फंडात चालतील. दुसरी लावताना मुदतीच्या चौकटीत नीट लक्ष द्या. बऱ्याच अ‍ॅपवर तिथे आधीच ‘रद्द करेपर्यंत’ किंवा पुढच्या तीस-चाळीस वर्षांची तारीख भरलेली असते. ती बदलून सहा हप्ते केले नाहीत, तर सातव्या महिन्यात पगाराच्या खात्यातून 30,000 कापले जातील आणि 24,000 च्या खर्चासाठी त्या पगारातले जेमतेम 12,000 उरतील. त्यासाठी बँकेला दिलेल्या मॅन्डेटची कमाल मर्यादाही बघा, दोन्ही हप्ते एकाच मॅन्डेटवर जाणार असतील तर ती 30,000 किंवा जास्त हवी.

तारीख कोणती, यावर लोक फार डोकं चालवतात. लांबच्या काळात त्याने काही फरक पडत नाही. पगार एक तारखेला होत असेल तर पाच किंवा सात ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी खात्यात पैसे आहेत ना ते बघा. शिल्लक कमी पडली तर फंड कंपनी दंड लावत नाही, पण मॅन्डेट परत गेल्याचं शुल्क बँक कापते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती एसआयपी बंद होते. यासाठीच सांगते, लग्नाचे पैसे आणि अडीअडचणीचे पैसे आजच एफडीत वेगळे करा. सगळं एकाच खात्यात पडून राहिलं तर शिल्लक कायम भरपूर दिसते, आणि त्यातलं कुठलं कशाचं हे दोन महिन्यांत विसरायला होतं.

तुम्हाला कुणी एसटीपी सुचवेल. म्हणजे सगळे 1,20,000 आधी लिक्विड फंडात ठेवायचे आणि तिथून दरमहा 20,000 त्याच कंपनीच्या शेअर फंडात वळते करायचे. मोठ्या रकमेला हे ठीक आहे. पण त्यात दर वेळी लिक्विड फंडातून विक्री होते, आणि त्यावरचा थोडासा नफा दर वेळी तुमच्या उत्पन्नात धरून करपात्र होतो. सहा महिन्यांच्या सवा लाखासाठी हा व्याप नको. बचत खात्यातून सरळ हप्ते जाऊ द्या.

आता बँकेतल्या साहेबांकडे वळू. एफडीची मुदत संपली की बँकेतून फोन येतो, आणि ‘एकदम टाका’ म्हणून जे पुढे केलं जातं ते पुष्कळदा म्युच्युअल फंड नसून विम्याची पॉलिसी असते. सही करायच्या आधी कागद घरी आणा. त्यावर ‘सिंगल प्रीमियम’, ‘पॉलिसी टर्म’, ‘सम अ‍ॅश्युअर्ड’ असे शब्द दिसले तर ती पॉलिसी आहे. युलिप असेल तर पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, म्हणजे बहिणीच्या लग्नालाही नाहीत. तो कागद सरळ परत करा. म्युच्युअल फंडच असेल तर योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ ते वाचा. रेग्युलरमध्ये विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशांतून जातं. साधा निफ्टी 50 इंडेक्स फंड घ्यायला मध्ये कुणी लागत नाही. केवायसी झालं की फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून डायरेक्ट योजना तुम्ही स्वतः घेऊ शकता.

वर्षभराने अ‍ॅप उघडाल तेव्हा एक गोंधळ होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. समजा पगारातून दरमहा 10,000 असे 1,20,000 गेले आणि त्यांचे 1,27,200 दिसतायत. नफा सहा टक्के. तुम्ही म्हणाल, एफडीतच बरा होतो की! पण पहिला हप्ता बारा महिने आत होता आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरीने तुमचा पैसा साडेसहा महिनेच कामाला होता, तेव्हा हा वर्षाचा दर अकरा टक्क्यांच्या आसपास येतो. अ‍ॅपवर तो XIRR या नावाखाली दिसतो. एसआयपीची तुलना कशाशीही करायची तर तोच आकडा घ्या. एकदम गुंतवणाऱ्या मित्राचा नुसता नफ्याचा टक्का घेऊन त्याच्याशी स्वतःच्या नुसत्या टक्क्याची तुलना करू नका. आणि पहिल्या वर्षात हा XIRR सुद्धा फार उड्या मारतो, चार दिवसांच्या चढउताराने तो बदलतो. दोन-तीन वर्षांच्या आत त्यावरून काही ठरवू नका.

करासाठी प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं, आणि विकताना आधी घेतलेले युनिट आधी जातात. वर्ष पूर्ण न झालेल्या युनिटच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. वर्ष उलटलेल्या युनिटचा एका आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. तुमच्या रकमेला सध्या याची काळजी नाही.

सहावा हप्ता गेला की दुसरी एसआयपी आपोआप संपेल आणि पगारातली 10,000 ची चालू राहील. त्यानंतरही महिन्याला आठेक हजार तुमच्याकडे मोकळे राहतात. ते लगेच फंडात ढकलू नका. बहिणीच्या लग्नात ठरल्यापेक्षा जास्त खर्च निघतोच, तो यातून भागेल आणि अडीअडचणीच्या एफडीला हात लावावा लागणार नाही. लग्न पार पडलं की एसआयपी 10,000 ची 15,000 करा.